नावाची पट्टी आणि अक्षरांची शिस्त

दुकानाच्या जाहिरातफितीत मालक बोलू लागले की पडद्याच्या खालच्या भागात त्यांच्या नावाची पट्टी येते. ती कशी रचावी, हे मसाल्याच्या एका पेढीच्या उदाहरणाने पाहू.

चौकट १९२० बाय १०८० पिक्सेलची आहे. डावीकडे ९६ आणि तळाशी ५४ पिक्सेल, म्हणजे प्रत्येकी पाच टक्के जागा मोकळी सोडावी. गडद पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत दोनच ओळी असाव्यात: वर मालकांचे नाव, खाली पेढीचे. दोन्हींसाठी ‘Mukta’ हा एकच फॉन्ट घ्यावा, कारण त्यात देवनागरी आणि रोमन अक्षरे एकमेकांना साजेशी आहेत. नाव ५६ आकारात ठळक, पेढी ३६ आकारात साधी. पुढे दर व पत्ता दाखवतानाही हीच दोन वळणे ठेवावीत. तिसरे आणू नये.

रोमन अक्षरांप्रमाणे देवनागरीत अक्षरांमधील अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. दोन ओळी फार जवळ आणल्यास वरचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. ‘प्रकाश’मधील ‘प्र’ फुटून ‘प्‌र’ असा दिसू लागला, तर फॉन्ट बदलण्यापूर्वी प्रीमिअर प्रोच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ‘South Asian and Middle Eastern’ हा पर्याय निवडून पाहावा.

पट्टी किती वेळ ठेवावी? मजकूर शांतपणे दोनदा वाचून होईल इतका. शेवटी फीत मोबाइलवर हातभर अंतरावरून पाहावी. खालची ओळ वाचताना डोळे बारीक करावे लागले, तर तिचा आकार वाढवावा.