एक मीटर, दोन बिऱ्हाडे

गोंदियाजवळच्या बिरसी गावातील एक दुमजली घर. वरचा मजला भाड्याने दिलेला. मीटर मात्र एकच आणि मंजूर भार तीन किलोवॅट. मे महिन्यात घरमालक भाडेकरूस म्हणाले, “मोटर चालू असताना एसी लावू नका.” भाडेकरू दुखावला. “काका, माझ्या वाट्याचे बिल मी भरतोच ना?”

काकांनी कागदावर हिशेब मांडला. दीड टनाचा एसी सुमारे दीड किलोवॅट, एक अश्वशक्तीची मोटर एक किलोवॅट, दोन्ही घरांचे फ्रिज, पंखे व दिवे अर्धा किलोवॅट. बेरीज तीन झाली. त्यात सुरू होताना मोटर क्षणभर कित्येक पट प्रवाह ओढते. दिवे मंदावतात, एमसीबी पडतो. तो वारंवार पडतो म्हणून मोठा बसवला, तर जुनी तार आतल्या आत तापते आणि इशारा देणारेच कोणी उरत नाही.

प्रश्न पैशांचा नव्हता. पहाटे टाकी भरावी, दुपारी एसी निर्धास्त लावावा, असे ठरले. मात्र भार वाढविण्याचा अर्ज मीटर ज्याच्या नावे त्यानेच करावयाचा असतो. तो काकांनी महावितरणकडे केला. संयम एकट्या भाडेकरूवर सोपवला नाही.