वर्षभराचे पाहुणे

आमच्या सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी जी मंडळी जमतात, त्यांच्यात सध्या एका विषयाने घर केले आहे. कुणाच्या तरी भाच्याने जाहिरात आणून दाखवली : वय 50 पूर्ण, हातात पेन्शन, मग थायलंडमध्ये निवांत राहा. हवा छान, घरभाडे आटोक्यातले, दवाखाने उत्तम. ‘काय हो, तुम्ही तर तिथे राहून आलात, खरे आहे का हे?’ असे मला विचारले गेले. माझा मुलगा चियांग माईला नोकरीला आहे आणि त्याच्याकडे आम्ही उभयता दोन-तीनदा राहून आलो आहोत. जाहिरातीत खोटे काहीच नव्हते. पण जे लिहिलेले नव्हते, ते मला मुलाच्या शेजाऱ्याकडून कळले होते.

हे शेजारी म्हणजे एक इंग्रज आजोबा. 2007 साली, वयाच्या 66 व्या वर्षी, ते तिथे राहायला आले. सरकारी आणि कंपनीचे मिळून त्यांना महिना 1,000 पौंड पेन्शन होते. निवृत्तांच्या मुक्कामासाठी थायलंडची अट साधी आहे. एक तर महिना 65,000 बाट उत्पन्न दाखवा, नाही तर तिथल्या बँकेत 8 लाख बाट ठेवा, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे 8 लाख भरवा. त्या वेळी एका पौंडाला 65 च्या वर बाट मिळत होते. म्हणजे नुसत्या पेन्शनवर अट पुरी होत होती आणि बँकेत दमडी ठेवण्याची गरज नव्हती.

पुढे दोन गोष्टी झाल्या आणि दोन्हींवर त्यांचा काही इलाज नव्हता. पहिली, ब्रिटनचे सरकारी पेन्शन थायलंडमध्ये राहणाऱ्याला वाढत नाही. मायदेशी दरवर्षी वाढ मिळते. इथे ज्या आकड्यावर सुरू झाले, तिथेच ते गोठते. दुसरी, पौंड घसरला. 2019 च्या अखेरीस पौंडाला 40 बाटांच्या आसपास मिळत होते. आता गणित करा : तेच 1,000 पौंड, पण हातात 65,000 च्या जागी 40,000 बाट. माणूस तोच, घर तेच, खर्च मात्र वाढलेला. आणि कागदावर तो अपात्र. त्यातच 2018 सालच्या शेवटी आणि 2019 च्या सुरुवातीला ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांच्या वकिलातींनी उत्पन्नाचा दाखला देणे बंद केले. मग पेन्शन दरमहा परदेशातून थाई बँकेत आल्याच्या नोंदीच दाखवाव्या लागू लागल्या. आजोबांनी इंग्लंडमधले छोटे घर विकले आणि 8 लाख बाट बँकेत ठेवले. परतीचा दरवाजा त्या दिवशी बंद झाला, हे त्यांना तेव्हा जाणवले नाही.

हे 8 लाख कसे ठेवायचे, याचाही नियम आहे. मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने पूर्ण रक्कम खात्यात हवी. उरलेल्या काळात शिल्लक 4 लाखांच्या खाली जाता कामा नये. आजोबांची मुदतवाढ जानेवारीच्या मध्यावर असते. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये ते न्हाणीघरात पडले आणि खुब्याचे हाड मोडले. वय 82. विमा नव्हता, कारण त्या वयाच्या माणसाला नवा विमा द्यायला कंपन्या तयार नसतात. खासगी रुग्णालयाचे बिल झाले 4 लाख. तेवढे काढणे नियमात बसत होते. पण महिन्याभरात ते परत भरले नाहीत, तर जानेवारीत मुदतवाढ नाही. शेवटी गाडी विकली आणि उरलेले पुतण्याने पाठवले. ‘आजारपणासाठी म्हणून जपलेले पैसे नेमके आजारपणातच वापरता आले नाहीत,’ असे ते मला म्हणाले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. नियम त्यांना पहिल्यापासून ठाऊक होते.

माझा या योजनेवरचा आक्षेप इथेच आहे. दरवर्षी उत्पन्नाची अट तपासली जाते आणि ती वर्षे कितीही साठली तरी त्यातून कायम राहण्याचा हक्क तयार होत नाही. सोळा वर्षे राहिलेला माणूस आणि काल आलेला माणूस जानेवारीत एकाच रांगेत उभे असतात. वय जसे वाढते तशी अट पाळणे कठीण होते, आणि ज्या वर्षी ती पाळता येत नाही, त्याच वर्षी हलणेही सर्वांत कठीण असते. यात थाई सरकारचे काही चुकते, असे मी म्हणणार नाही. त्यांनी खर्च करणारा पाहुणा बोलावला आहे, आश्रित नव्हे.

पाहुण्याने काम करायचे नाही, ही दुसरी बाजू. पेन्शन कमी पडले म्हणून शिकवण्या घेता येत नाहीत. आजोबांना गल्लीतल्या मुलांना फुकट इंग्रजी शिकवायचे होते. शाळेने नम्रपणे नकार दिला, कारण त्यालाही वर्क परमिट लागते आणि निवृत्तीच्या मुक्कामावर ते मिळत नाही. शिवाय देशात राहून दर 90 दिवसांनी आपला पत्ता कळवायचा. उशीर झाला की 2,000 बाट दंड. आपल्याकडे हयातीचा दाखला वर्षातून एकदा देताना आपण किती कुरकुरतो! आणि बाहेर जाताना पुनःप्रवेशाचा शिक्का घ्यायला विसरलात, तर विमान सुटताच मुदतवाढ संपली. मुलीच्या बाळंतपणाला किंवा भावाच्या तेराव्याला घाईने निघालेला माणूस नेमके हेच विसरतो.

बाकावरच्या मंडळींना मी एवढेच सांगितले की, आपल्या बाबतीत हिशेब आणखी कडक आहे. 65,000 बाट म्हणजे आज महिना दीड लाख रुपयांच्या वर. एवढे पेन्शन आपल्यापैकी किती जणांना? राहिला 8 लाखांचा मार्ग, म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर, आणि तेही अडकलेले. 2015 साली बाट दोन रुपयांच्या आत होता. आज अडीच रुपयांच्या वर आहे. पेन्शन रुपयात आणि खर्च बाटमध्ये असला, की त्या इंग्रज आजोबांची गोष्ट आपल्याही दारात येते.

तरीही ज्याला जायचे त्याने जरूर जावे. मात्र त्या 8 लाखांना आपले म्हणू नये; ते भाड्याच्या घराच्या अनामतीसारखे समजावे. दवाखान्यासाठी तेवढीच रक्कम वेगळी, हाताशी असावी. पन्नाशी-साठीत विमा मिळतो तोवर घ्यावा आणि तो किती वयापर्यंत चालू राहील, ते आधी विचारावे. आणि इथला फ्लॅट विकू नये. भाड्याने द्या, कुलूप लावा, पण विकू नका.

आमच्या सौभाग्यवतींचे मत विचाराल, तर त्या म्हणाल्या, ‘हिवाळ्यात दोन महिने मुलाकडे जाऊ, पाहुण्यासारखे राहू आणि पाहुण्यासारखे परत येऊ.’ मी यावर वाद घातला नाही.