आधी खडू, मग विटा

आमच्या खालाजानचा डावा पाय गेल्या वर्षी साखरेच्या आजारामुळे गुडघ्याखालून काढावा लागला. जुनं घर पाडून नवं बांधायचं आधीच ठरलेलं होतं. त्यांचा मुलगा नकाशा घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "आपा, दाराशी रॅम्प घातला आहे, बाकी सगळं ठीक आहे ना?" ठीक नव्हतं. चाकांच्या खुर्चीवरचा माणूस घरात शिरला की त्याला वळावंही लागतं, आणि नकाशात वळायला जागाच नव्हती.

खुर्ची पूर्ण वळण्यासाठी 5 फूट व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं. आम्ही जुन्या घराच्या अंगणात अडीच फूट दोरीला खडू बांधून ते काढलं आणि खालाजानना त्यात फिरायला सांगितलं. मग खोलीच्या मापाची चौकट आखून पलंग आणि कपाटाच्या जागी वर्तमानपत्रं पसरली. खोली 10 बाय 12 ची. 4 फुटी पलंग एका लांब भिंतीला आणि 2 फूट खोल कपाट समोरच्या भिंतीला, असं नकाशात होतं. मधे उरले 4 फूट, म्हणजे आत गेलेली खुर्ची उलटीच बाहेर आणायची. कपाट पलंगाच्याच भिंतीला, पायथ्याकडे सरकवलं. आता सगळ्या खोलीभर 6 फुटांची पट्टी मोकळी राहिली. खुर्ची वळते, नमाजसाठी किबल्याकडे तोंडही करता येतं. खोली एक इंचही वाढवावी लागली नाही.

दारात मात्र फसगत झालीच असती. न्हाणीचं दार अडीच फुटाचं, म्हणजे 30 इंच. खुर्ची 25 इंचांची, मग जाईल ना? पण 30 इंच हे चौकटीचं बाहेरचं माप. चौकटीचं लाकूड आणि उघड्या दाराची जाडी वजा केली की जेमतेम खुर्चीएवढीच जागा उरते आणि चाक ढकलणाऱ्या हातांची बोटं सोलवटतात. मिस्त्रीला चौकटीचं माप सांगू नका. दार उघडल्यावर स्वच्छ 3 फूट हवेत, एवढंच सांगा. खाली उंबरा नको. पाणी बाहेर येईल म्हणून मिस्त्री कुरकुरतात, पण फरशीला जाळीकडे उतार नीट दिला तर येत नाही.

संडास आणि न्हाणी वेगवेगळी होती. मधली भिंत काढली तेव्हा साधारण 7 फूट 4 इंच बाय 5 फुटांची एकच खोली मिळाली. कमोड आखूड भिंतीला लावला, पण मधोमध नाही. त्याचा मध्य बाजूच्या भिंतीपासून दीड फुटावर ठेवला. त्यामुळे भिंतीवरचा दांडा हाताला येतो आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ 3 फूट उरतात. तिथे खुर्ची समांतर लावायची आणि सरकून बसायचं. म्हणून कमोडची बैठक खुर्चीच्या बैठकीएवढी उंच हवी. समोर 5 फूट राहतात, तेवढ्यात वळता येतं. दार बाहेर उघडतं. आत उघडलं असतं तर वळण्याची जागा खाल्ली असती, आणि आत कुणी पडलं तर दार अडलं असतं. दांडा पोकळ विटेत नुसता ठोकला तर वजन पडताच निखळतो, म्हणून तेवढी भिंत भरीव करून घेतली. वुजूच्या बेसिनखाली कपाट केलं नाही. गुडघे आत जायला 27 इंच मोकळी उंची ठेवली.

बाहेरचा रॅम्प नकाशात 6 फुटांचा होता. जोतं दीड फूट. प्रत्येक इंच उंचीला एक फूट लांबी लागते, म्हणजे 18 फूट. मधे 5 फुटांचा सपाट टप्पा ठेवून तो वळवून घेतला. अंगणातलं मोगऱ्याचं आळं गेलं, त्याला इलाज नव्हता.

बसल्या जागेवरून हात साधारण सव्वा फुटापासून 4 फुटांपर्यंत पोहोचतो. ओट्यावरून वाकून घ्यायचं असेल तर त्याहूनही कमी. रोजचे मसाले, चहा-साखर, दवा, कपडे याच पट्ट्यात बसवले, दिव्यांची बटणं साडेतीन फुटांवर आणली. मोठी डेगची आणि ईदची भांडी माळ्यावर गेली, ती इतरांनी काढायची.

एक गोष्ट नकाशात कुणालाच दिसली नव्हती. अदब म्हणून कुरआन शरीफ घरातल्या सगळ्यात उंच फळीवर ठेवायची आमच्याकडे रीत. खालाजान रोज फजरनंतर तिलावत करायच्या. आजारपणानंतर ती बंद झाली, आम्हाला वाटलं अशक्तपणामुळे. फळ्यांची मापं घेताना त्या हळूच म्हणाल्या, "बेटा, पहाटे काढून द्यायला कुणाला उठवायचं?" आता साडेतीन फुटांवर एक फूट खोलीची वेगळी फळी आहे. तिच्यावर कुरआन शरीफ आणि रेहल, आणि त्याच्या वर काहीच ठेवलेलं नाही.