खरखर रेडिओची नव्हे, दिव्याची

नवे एलईडी दिवे बसल्यापासून एएम रेडिओवर नुसती गुणगुण ऐकू येते, अशी तक्रार केली की ठरलेले उत्तर मिळते: ‘एएमचा काळ संपला, मोबाइलवर ऐका.’ या उत्तरात उपद्रव करणारा सुटतो आणि दोष मात्र ऐकणाऱ्याच्या पदरी पडतो.

दिव्यातील ड्रायव्हर विद्युतप्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. समजा, ही कंप्रता ६६ किलोहर्ट्झ आहे. तिची बारावी पट ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे नेमकी पुणे आकाशवाणीची कंप्रता. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यातून उरलेले १०० हर्ट्झचे चढउतार या कंपनांवर स्वार होतात. तीच ती गुणगुण. घरातील वायरिंग तिच्यासाठी अँटेना ठरते.

दोष कोणाचा, हे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही. सेलवर चालणारा रेडिओ दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि घराचा मुख्य स्विच बंद करा. आवाज थांबला, तर उगम घरातच आहे. मग एकेक एमसीबी आणि त्यानंतर एकेक दिवा चालू करून पाहा. आवाज तसाच राहिला, तर उगम शेजारी किंवा रस्त्यावरच्या दिव्यात असू शकतो. तेव्हा आपल्या घरात काहीही बसवून उपयोग नाही.

फेराइट रिंगबद्दलही एक गैरसमज आहे. वायर रिंगमधून एकदाच ओवली, तर मध्यम लहरींवर मिळणारा अवरोध फारच तुटपुंजा असतो. तो वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: एका वेढ्याला २० ओहम मिळत असतील, तर आठ वेढ्यांना सुमारे १,२८० ओहम. रिंग मात्र याच कंप्रतांसाठी बनवलेल्या फेराइटची हवी. वीज बंद करून दिव्याच्या दोन्ही वायरी एकत्र, एकाच दिशेने, दिव्याच्या अगदी जवळ गुंडाळाव्या लागतात. असे केल्याने दिव्याचा मूळ प्रवाह अबाधित राहतो आणि दोन्ही वायरींतून एकाच दिशेने निसटणारा गोंगाट तेवढा अडतो. दोन वायरींच्या दरम्यान वाहणाऱ्या गोंगाटावर मात्र या रिंगचा फारसा परिणाम होत नाही.

आणि मूळ प्रश्न येथेच आहे. होल्डरमध्ये थेट बसणाऱ्या बल्बला वायरच नसते. मग ग्राहकाने रिंग बसवायची कोठे? छत फोडून? गाळणीची जागा बल्बच्या आतच आहे: एक लहान चोक आणि एक-दोन कपॅसिटर. किंमत कमी करताना सर्वांत आधी हेच भाग गळतात, कारण त्यांच्यावाचूनही दिवा तितकाच उजळ दिसतो. दिव्यांसाठीचे सीआयएसपीआर १५ हे आंतरराष्ट्रीय मानक ९ किलोहर्ट्झपासूनच्या उपद्रवाला मर्यादा घालते. म्हणजे उपाय अज्ञात नाही, तो वगळला जातो. खोक्यावर वॅट आणि लुमेन छापता येतात, तर या चाचणीचा निकालही छापला पाहिजे. विजेची बचत करण्यासाठी रेडिओचा बळी देण्याची गरज भौतिकशास्त्रात कोठेही नाही.