परिच्छेद सांगा, मग उत्तर

सुट्टीवर गावी गेलो की युनिफॉर्म कपाटात राहतो, पण पेन्शनचे प्रश्न दारात येतात. बहुतेक ‘वन रँक वन पेन्शन’चे. विचारणाऱ्याला कुणीतरी आधीच काहीतरी सांगितलेलं असतं आणि ते कुठे लिहिलंय हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं. माझं मत आता पक्कं झालं आहे: कोणत्या पत्राचा कोणता परिच्छेद हे न सांगता दिलेलं उत्तर म्हणजे लंगरातली गप्प. ती खरी असली तरी तिच्यावर बँकेत अर्ज करता येत नाही.

मूळ कागद आहे रक्षा मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाचं ७ नोव्हेंबर २०१५ चं पत्र. बरेचसे प्रश्न त्याच्या दोन परिच्छेदांत सुटतात. मूळ पत्रात उपकलमांना रोमन आकडे आहेत; मी इथे मराठी लिहितो.

एक उदाहरण घ्या. हवालदाराची पत्नी, कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी. शाखेतला माणूस म्हणतो, “एरियर्स चार हप्त्यांत येतील, सगळ्यांना तसंच आहे.” परिच्छेद ३(४) उघडा. पहिल्या वाक्यात चार सहामाही हप्ते आहेत, हे खरंच. पण त्याच उपकलमाचं पुढचं वाक्य कुटुंब निवृत्तिवेतनधारकांना आणि शौर्यपदक विजेत्यांना सगळी थकबाकी एकाच हप्त्यात द्यायला सांगतं. सांगणारा खोटं बोलत नव्हता, तो अर्ध्यावर थांबला होता. म्हणून संदर्भ देताना नुसता आकडा पुरत नाही. ज्या वाक्यावर उत्तर उभं आहे ते वाक्यही उतरवून द्यावं.

दुसरा नेहमीचा प्रश्न: “माझ्या बरोबरीच्याला जास्त मिळतं, मग माझं सरासरीला का?” इथे दोन उपकलमं एकत्र वाचावी लागतात. ३(२) म्हणतं, २०१३ साली त्याच हुद्द्यावरून, तितक्याच सेवेनंतर निवृत्त झालेल्यांची किमान आणि कमाल पेन्शन घ्या आणि त्या दोन आकड्यांची सरासरी काढा. सगळ्यांची सरासरी नव्हे. समजा किमान १०,००० आणि कमाल १२,००० आहे, तर नवी पेन्शन ११,०००. आता जो आधीच ११,५०० घेतोय त्याचं काय? ३(३) त्याला संरक्षण देतं. त्याचं कमी होत नाही. म्हणजे दोघांच्या रकमेत फरक राहणं ही हिशेबाची चूक असेलच असं नाही. अर्ज लिहिण्याआधी हे कळलेलं बरं.

तुमची प्रत्यक्ष रक्कम मात्र या पत्रात सापडणार नाही. ती तक्त्यांत आहे. तक्ते ३ फेब्रुवारी २०१६ च्या पत्राने आले आणि अलाहाबादच्या पेन्शन लेखा कार्यालयाने ४ फेब्रुवारीला परिपत्रक ५५५ काढून ते पुढे पाठवले. तिथे पान क्रमांकावर विसंबू नका. मोबाइलवर दिसणारं पान आणि कागदावर छापलेलं पान वेगळं असू शकतं. तक्ता क्रमांक, हुद्दा व ग्रुपचा रकाना आणि सेवेच्या वर्षांची ओळ, हे तिन्ही लिहा. पान द्यायचंच तर कोणत्या प्रतीचं तेही सांगा.

शेवटची अडचण तारखेची. परिच्छेद ४ म्हणतो की स्वतःच्या विनंतीवरून जे ‘यापुढे’ सेवा सोडतील त्यांना लाभ नाही. ‘यापुढे’ म्हणजे पत्राच्या तारखेनंतर. म्हणून २०१२ मध्ये स्वेच्छेने घरी आलेल्या नाईकाला या परिच्छेदाने नाकारता येत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १६ मार्च २०२२ च्या निकालानंतर १ जुलै २०१९ पासून फेरनिश्चिती झाली आणि डिसेंबर २०२२ च्या सरकारी निर्णयात १ जुलै २०१४ पासून मुदतपूर्व निवृत्त झालेल्यांना वगळलं आहे. मग २०१४ च्या डिसेंबरमध्ये स्वतःहून बाहेर पडलेल्याला एक कागद वगळत नाही, दुसरा वगळतो. त्याला “हो” किंवा “नाही” सांगून भागणार नाही. दोन्ही कागद, दोन्ही तारखा त्याच्यासमोर ठेवा आणि ते जुळत नाहीत हे स्पष्ट सांगा.

आपण मॅपवरची जागा सांगताना ग्रिड रेफरन्स देतो. “त्या टेकडीजवळ” म्हणणाऱ्याच्या भरवशावर कुणी तोफ डागत नाही. पेन्शनच्या उत्तरालाही तोच नियम लावा: पत्राची तारीख, परिच्छेद, उपकलम, नेमकं वाक्य आणि नंतर काही बदललं असेल तर ते. यातलं एक जरी नसेल तर ते उत्तर दुसऱ्या ग्रुपवर पुढे पाठवू नका.