शेवटानंतरचा शेवट

ग्रंथाचा शेवट संयमाने साधल्यावर मागे राहिलेले धागे जुळविण्यासाठी उपसंहार जोडावा काय, हा प्रश्न आधुनिक कादंबरीच्या संदर्भात नेहमी चर्चिला जातो. वास्तविक मराठी गद्याने तो आपल्या जन्मकाळीच सोडविला आहे, आणि तोही वऱ्हाडात. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे त्याचे स्थान. महानुभाव पंथाचे म्हाइंभट यांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी तेराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत येथेच लिहून काढल्या. अमरावती-अकोल्याच्या वाचकाला हे गाव परके नाही. मात्र ‘लीळाचरित्रा’चा शेवट कसा होतो याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

लीळाचरित्र हे शिष्यांच्या साक्षींवर उभे राहिलेले पुस्तक आहे. ज्याने जे पाहिले वा ऐकले त्याच्याकडून म्हाइंभटांनी ते मिळविले, आचार्य नागदेवांकडून तपासून घेतले आणि प्रसंगांचा क्रम लावला. ज्या लीळांचा काळ वा स्थळ ठरेना, त्या ओढूनताणून कुठे तरी बसविण्याऐवजी ‘अज्ञात लीळा’ म्हणून वेगळ्या ठेवण्यात आल्या. सुटे धागे सुटेच ठेवण्याचे हे धैर्य मुद्दाम ध्यानात घेतले पाहिजे.

हेच धैर्य शेवटातही दिसते. स्वामी उत्तरापंथे गेले, एवढेच पंथाची परंपरा सांगते. समाधी नाही, अखेरचा दिवस नाही, शोकाचे सविस्तर वर्णन नाही. ज्या माणसाच्या चालण्या-बोलण्याच्या बारीकसारीक नोंदी शेकडो लीळांतून झाल्या, तो वाचकाच्या डोळ्यांसमोरून नुसता चालता होतो.

हे रितेपण सर्वांनाच सोसले असे नाही. काही पोथ्यांत यादवांच्या दरबारातील हेमाद्रीचे कारस्थान आणि स्वामींचा शिरच्छेद यांचा वृत्तान्त येतो. त्यानंतरही स्वामी उत्तरेकडे गेलेच. श्रद्धावंतांना हा भाग मान्य नाही; काही संशोधकांना तोच इतिहासाचा गाभा वाटतो. त्याच्या सत्यासत्यतेचा निवाडा येथे करावयाचा नाही. ग्रंथरचनेच्या दृष्टीने एवढेच दिसते की, ‘ते का गेले?’ या प्रश्नाला तो एक खलपुरुष आणि एक कारण पुरवितो. पुरोगामी वाचकाला हा भाग रुचणे स्वाभाविक आहे, कारण सत्तेने विद्रोह्याचा बळी घेतला ही कथा त्याच्या ओळखीची आहे. परंतु कारण हाती आले की रितेपण संपते. मग वाचक जाणाऱ्याकडे पाहत नाही, खटल्याकडे पाहू लागतो.

याउलट ‘स्मृतिस्थळा’चे आहे. तो स्वतंत्र ग्रंथ असला तरी लीळाचरित्राचा खरा उपसंहार तोच. स्वामी गेल्यावर शिष्य रिद्धपुरास गोविंदप्रभूंपाशी राहिले. प्रभूही गेल्यावर नागदेवांनी पंथ सांभाळला. हा सारा काळ लहान लहान आठवणींतून तेथे उभा राहतो. धागे येथेही जुळतात, पण कोणते? लिहावे कोणत्या भाषेत, हा त्यांतील एक. केशवदेव संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवांनी त्यांना थांबविले. असे लिहिल्याने पंथातील म्हाताऱ्या बायाबापड्यांना ते वाचता-ऐकता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पंडितांनी संस्कृतात प्रश्न केला असता, स्वामींनी आपणांस मराठीतच शिकविले, तुमचे संस्कृत आपणांस कळत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. उपसंहारात मिटलेला हा प्रश्न मागे राहिलेल्यांचा होता. गेलेल्याचे काय झाले याबद्दल या निर्णयात अवाक्षर नाही.

उपसंहार मूळ शेवटाला दुबळा करतो की नाही, हे ठरविण्याची कसोटी यातून मिळते. ग्रंथाने जाणीवपूर्वक उघडा ठेवलेला प्रश्न त्याने बुजविला, तर आधीच्या संयमाची किंमत शून्य होते. पुन्हा वाचताना वाचक ते मौन मौन म्हणून ऐकतच नाही, पुढे येणाऱ्या उत्तराची वाट पाहतो. पण शेवटाने ज्यांच्यावर भार टाकला त्या माणसांनी तो कसा पेलला, एवढेच उपसंहार सांगत असेल, तर मूळची जखम अधिक खरी होते. शिष्यांना भाषा, शिस्त, नेतृत्व हे सारे नव्याने ठरवावे लागते, कारण ठरविणारा गेला आहे. ‘स्मृतिस्थळा’तील प्रत्येक निर्णय त्या अनुपस्थितीचीच साक्ष देतो.

एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. हे दोन्ही ग्रंथ एकाच बांधणीत सलग वाचले तर दुसऱ्याचा दिलासा पहिल्याच्या शेवटावर फार लवकर येतो. ते वेगळे राहिले, हे वाचकाचे भाग्य. पहिली पोथी मिटून, काही काळ त्या रिकाम्या वाटेकडे पाहूनच दुसरी उघडावी.