क्षमापनेच्या आडून विक्री नको

संवत्सरीला पौडच्या शाळेतल्या वर्गमैत्रिणीचा मेसेज आला, २० वर्षांनी. ‘मिच्छामि दुक्कडम्! खूप आठवण येते गं. सध्या घरीच असतेस का?’

डोळे भरून आले, पण शेवटच्या प्रश्नाशी मन अडलं. आठवण कसली, ते कुठेच नव्हतं. ना बाईंचं नाव, ना डब्याची गोष्ट. हाच मजकूर कुणालाही चालला असता. चौकशी तेवढी माझ्या मोकळ्या वेळेची.

मी विचारलं, ‘आई कशी आहे तुझी? आपण डब्यात काय वाटून खायचो, आठवतं?’ उत्तर आलं, ‘सगळं मजेत! रविवारी झूमवर ये, घरबसल्या कमाईचं सांगते.’ कंपनी कोणती? ‘ते मीटिंगमध्येच कळेल.’

थेट विक्रीच्या २०२१ च्या सरकारी नियमांप्रमाणे विक्रेत्याने बोलणं सुरू करतानाच, न विचारता, कंपनीचं नाव, माल आणि हेतू सांगायचा असतो. म्हणजे हे लपवणं नियमातही बसत नाही.

‘मैत्रीणच ना, ऐकून घ्यावं’ असं सासूबाई म्हणाल्या. मला नाही पटत. उघडपणे साबण विकायला आली असती तर दोन घेतले असते. पण क्षमा मागायच्या दिवशी क्षमेच्या शब्दांत गिऱ्हाईक शोधणं ही कषायांतली मायाच. तिला तसंच लिहिलं. दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही.